उडीनंतरचा स्वर

काउंटरपॉइंटच्या पाठ्यपुस्तकांत एक नियम हमखास सापडतो: चालीने मोठी उडी घेतली की पुढचा स्वर उलट दिशेने यावा. फुक्सने 1725 साली पॅलेस्ट्रिनाला आदर्श मानून आपलं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून विद्यार्थी हे घोकत आले आहेत. विसाव्या शतकात लिओनार्ड मेयरने त्याला मानसशास्त्राची जोड दिली. उडीमुळे मध्ये जागा रिकामी राहते आणि ऐकणाऱ्याचं मन ती भरून यायची वाट बघतं, असं त्याचं म्हणणं. नारमूरनेही पुढे आपल्या सिद्धान्तात मोठ्या उडीनंतर दिशा बदलण्याची अपेक्षा धरली.

मोजणीही जुनीच आहे. हेन्री वॉटने 1924 साली शूबर्टची गाणी आणि चिपेवा व टेटन सू या अमेरिकी आदिवासींची गाणी घेऊन अंतरं मोजली. दोन्हींकडे तेच दिसलं: उडी जितकी मोठी, तितकी वळण्याची शक्यता जास्त. म्हणजे दावा खरा आहे. वाद आहे तो कारणाबद्दल.

*

कारणाला हात घालण्याआधी एक गणित करून बघावं, कागद-पेन्सिल पुरते. सा ते सां अशा आठ स्वरांच्या आठ चिठ्ठ्या करा. एक काढा, स्वर लिहा, परत टाका, पुन्हा काढा. या ‘चाली’ला ना स्मरणशक्ती, ना अपेक्षा, ना गुरू.

आता वर जाणारी सहा स्वरांची उडी घ्या. अशा दोनच असू शकतात: सा ते नि आणि रे ते सां. निवर उभे असताना पुढची चिठ्ठी खालच्या स्वराची असण्याची शक्यता आठात सहा, सांवर उभे असताना आठात सात. दोन्ही मिळून सोळात तेरा, म्हणजे 81 टक्के. वर जाण्याची शक्यता सोळात एक, बाकी दोन वेळा तोच स्वर पुन्हा. तीन स्वरांच्या उडीनंतर खाली वळण्याचं प्रमाण भरतं 62.5 टक्के, एका स्वराच्या पावलानंतर 50.

उडी मोठी तशी वळण्याची शक्यता जास्त, हेच तर वॉटला दिसलं होतं! आणि इथे तर कुणी काही भरून काढत नाहीये. चालीला वर-खाली मर्यादा आहे, एवढंच. मोठी उडी घेणारा बहुतेक वेळा कडेला जाऊन पोचतो, आणि कडेवरून जायला एकच बाजू उरते.

टोकानंतर मध्याकडे येण्याची शक्यता जास्त: गाल्टनने 1886 साली उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकताना पाहिली ती याच हिशेबाने.

*

मग दोन कारणं वेगळी कशी करायची? पॉल फॉन हिपेल आणि डेव्हिड ह्युरॉन यांनी 2000 साली जे केलं ते मला या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं, कारण त्यात अवघड गणित जवळजवळ नाहीच. त्यांनी प्रत्येक चालीचा मध्यक काढला, म्हणजे अर्धे स्वर ज्याच्या वर आणि अर्धे ज्याच्या खाली पडतात तो स्वर. मग उड्यांची विभागणी केली: मध्यकापासून दूर जाणाऱ्या, मध्यक ओलांडून पलीकडे पडणाऱ्या, थेट मध्यकावर उतरणाऱ्या, आणि मध्यकाच्या दिशेने येऊन अलीकडेच थांबणाऱ्या.

खरी परीक्षा शेवटच्या दोन गटांत आहे. उडीमुळे मागे वळावंसं वाटतं हे खरं असेल, तर उडी कुठेही उतरली तरी चाल मागे वळायला हवी. मर्यादेचा ओढा खरा असेल, तर मध्यकाच्या अलीकडे थांबलेली चाल वळणार नाही, उलट त्याच दिशेने पुढे जाईल. मध्यकावर उतरलेली कुठेही जाईल. आपल्या चिठ्ठ्यांतच बघा: सा ते म ही तीन स्वरांची उडी, पुढे वर जाण्याची शक्यता आठात चार, खाली येण्याची तीन. प ते सां हीसुद्धा तीन स्वरांचीच, पण खाली येण्याची शक्यता आठात सात. उडी तेवढीच, जागा वेगळी.

त्यांना वेगवेगळ्या खंडांतल्या चालींत मर्यादेच्या बाजूचं उत्तर मिळालं. दूर जाणाऱ्या आणि ओलांडणाऱ्या उड्यांनंतर चाल वळते, अलीकडे थांबणाऱ्यांनंतर त्याच दिशेने पुढे जाण्याकडे कल, मध्यकावर उतरणाऱ्यांनंतर जवळपास निम्मं-निम्मं. पुस्तकातल्या नियमासाठी वेगळं असं काही उरलं नाही.

*

हे सगळं मोजायला चाली संगणकाला वाचता येतील अशा लिहाव्या लागतात. हेल्मुट शाफ्रातने जर्मनीतल्या एसेनमध्ये लोकगीतांचा असा संग्रह उभा केला. 1995 साली ह्युरॉनने तो हम्ड्रम या संगीत मोजणाऱ्या संगणक-साधनाच्या रूपात आणला. त्यात सहा हजारांहून अधिक गाणी आहेत. मोठा वाटा जर्मन गाण्यांचा, चिनीही बरीच. चाल अशी दिसते:

```
**kern
*M4/4
4c
4d
4a
4g
*-
```

आकडा स्वराचा काळ सांगतो (4 म्हणजे पाव), अक्षर स्वर सांगतं. मधल्या सप्तकाचा सी म्हणजे `c`, त्याच्या वरच्या सप्तकातला `cc`. हम्ड्रमची `mint` ही आज्ञा दिली की शेजारच्या स्वरांतली अंतरं मिळतात: इथे `+M2`, `+P5`, `-M2`. पाचव्या अंतराची उडी, मग खाली एक पाऊल, नियमाचा नमुनाच.

*

`c` ऐवजी `cc` टाइप झालं तर? एकच अक्षर जास्त, पण स्वर सप्तकभर वर जातो. त्याच्या आधी वर एक प्रचंड उडी तयार होते आणि नंतर खाली दुसरी. म्हणजे टायपिंगची प्रत्येक अशी चूक नेमकी ‘उडी आणि मग उलटं वळण’ असा पुरावा तयार करते. सहसा आपण धरून चालतो की चुका इकडे-तिकडे विखुरतात आणि निष्कर्ष थोडा पुसट होतो, एवढंच. इथे त्या निष्कर्षाला बळ देतात. मापन चुकांनी भरलं तरी सिद्धान्त जिंकतो!

पकडणं सोपं आहे, कंटाळवाणं मात्र आहे. सगळी अंतरं मोठ्यापासून लहानापर्यंत लावायची आणि वरची शंभर-दोनशे छापील स्वरलेखनाशी ताडून बघायची. ज्या उडीच्या आगेमागे चाल एका सप्तकात शांत चाललेली असते, तिच्यावर आधी संशय घ्यायचा. दुसरा संशय ओळींच्या सांध्यावर. एक ओळ खाली संपते, गाणारा श्वास घेतो, पुढची वर सुरू होते. हे अंतर उडी धरायचं का? मी धरणार नाही, पण न धरण्याचं मोजणीआधी लिहून ठेवायला हवं, उत्तर बघितल्यावर नव्हे.

*

ओळी मोजायच्या तर आणखी एक फसगत. समजा 36,000 ओळींपैकी 50.6 टक्के ओळींत काहीएक लक्षण आढळलं आणि योगायोगाने 50 टक्केच अपेक्षित होतं. प्रमाण चूक येते 0.26 टक्क्याची, फरक तिच्या दुपटीहून जास्त, म्हणून ‘लक्षणीय’ असा शिक्का बसतो. अर्ध्या टक्क्याच्या फरकाने शैलीबद्दल काय कळतं, हा प्रश्न वेगळाच.

शिवाय त्या 36,000 ओळी स्वतंत्र नाहीत. एका गाण्यातल्या ओळी एकमेकींसारख्या असतात. गाण्यात सरासरी सहा ओळी आणि त्यांच्यातलं साम्य 0.4 धरलं, तर 1 + 5 × 0.4 = 3; म्हणजे 36,000 ओळींना पुराव्याची किंमत 12,000 ओळींची. प्रमाण चूक 0.46 पर्यंत चढते आणि शिक्का पुसला जातो. एकाच चालीची सात गावांतली सात रूपं संग्रहात सात गाणी म्हणून बसलेली असतात, ते अजून धरलेलंच नाही. म्हणून ओळ हे एकक न मानता गाणं, जमल्यास चालींचं कूळ एकक मानावं. चिठ्ठ्या टाकून पुन्हा निवड करायची तर अख्खी गाणी उचलावीत, सुट्या ओळी नकोत.

*

सरासरीची गंमत. लोकगीतांच्या ओळी कमानीसारख्या वर जाऊन खाली येतात, हा ह्युरॉनचा 1996 सालचा निष्कर्ष. आता ‘सा प प’ आणि ‘प प सा’ या दोन ओळी घ्या. पहिल्या स्वरांची सरासरी ग, मधल्यांची प, शेवटच्यांची ग. झाली कमान! दोन्ही ओळींत ती नाही. ह्युरॉनला हे ठाऊक होतं. त्याने प्रत्येक ओळ स्वतंत्र तपासली: पहिला स्वर, मधल्या सगळ्यांची सरासरी, शेवटचा स्वर, त्यातून नऊ आकार. त्यांतही कमान सर्वांत पुढे निघाली, म्हणून दावा टिकला.

*

आपल्याकडे मोजायला हाताशी आहे ती भातखंड्यांची क्रमिक पुस्तक मालिका. टिंब खाली तर मंद्र, वर तर तार. संगणकाला अडचण नाही. अडचण सुरू होते ती स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेल्या कणापाशी. नि-सां मध्ये धचा कण असेल, तर अंतरं दोन मोजायची की एक? आणि वरच्या कमानीने दाखवलेली मींड ही उडी मानायची का? गायक तर मधला एकही श्रुतीचा ठिपका न सोडता सरकत जातो. कण धरून एकदा, वगळून एकदा, अशा दोन मोजण्या कराव्यात. उत्तर बदललं, तर ते बंदिशींबद्दलचं नसून लेखनपद्धतीबद्दलचं आहे.

दुसरं असं की चालीचा मध्यक हे माप रागाला नीट बसेलच असं नाही. उत्तरांगप्रधान रागाच्या बंदिशीत ओढ वरच्या वादीकडे असू शकते. तिथे मध्यक आणि वादी अशा दोन केंद्रांनी वेगवेगळी भाकितं करून कुठलं जास्त जुळतं ते बघावं.

*

फॉन हिपेलने 2002 साली प्रश्न ऐकणाऱ्यांकडे वळवला: संगीत शिकलेल्या माणसांना पुढचा स्वर कुठे वाटतो? ती मंडळी उडीनंतर वळणाची अपेक्षा धरत होती, उडी मध्यकाच्या अलीकडे थांबली असली तरी. म्हणजे चालींत आहे मर्यादेचा ओढा, कानाने शिकलेला आहे त्याचा सोपा ठोकताळा. बहुतेक वेळा तो बरोबर येतो, म्हणून बदलायची गरज पडत नाही.

*

एक शंका राहते. आठ स्वरांच्या चालीत मध्यकाच्या अलीकडे थांबणारी वरची उडी जास्तीत जास्त सा ते म, म्हणजे तीन स्वरांची. त्याहून मोठी प्रत्येक उडी मध्यक ओलांडतेच. पाठ्यपुस्तकं बजावतात ती सहाव्या अंतराच्या आणि सप्तकाच्या उडीबद्दल; नेमक्या त्या उड्यांसाठी दोन्ही कारणं एकच भाकीत करतात, आणि लोकगीतांचा संग्रह कितीही वाढवला तरी गाणाऱ्याचा गळा तेवढाच राहतो. त्यासाठी ज्यांचा पल्ला अडीच-तीन सप्तकांचा आहे अशा चाली हव्यात: बाखचे एकट्या व्हायोलिनचे आणि चेलोचे भाग. पण तिथे एकच वाद्य दोन-तीन आवाजांचा भास निर्माण करतं. कागदावरची उडी कित्येकदा एका आवाजातून दुसऱ्या आवाजात जाणं असतं, आणि कुठली कोणती हे आधी कुणीतरी हाताने ठरवून द्यावं लागेल.