थेंब आधी, लेन्स मागाहून

डोळ्यांच्या पुष्कळशा औषधांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक सूचना असते: थेंब टाकण्यापूर्वी काँटॅक्ट लेन्स काढा आणि किमान पंधरा मिनिटांनी परत घाला. ही सूचना वाचणारे थोडे आणि वाचून पाळणारे त्याहून थोडे. अनेकांना ती कंपनीने स्वतःच्या बचावासाठी छापलेली औपचारिकता वाटते. जे पाळतात त्यांचाही समज असा असतो, की औषध डोळ्यात जिरायला वेळ लागतो म्हणून थांबायचे. माझे म्हणणे वेगळे आहे. या सूचनेचा रोख मुख्यतः औषधावर नाही. औषध टिकावे म्हणून त्यात घातलेल्या दुसऱ्याच पदार्थावर आहे. तो पदार्थ लेन्सच्या संगतीत कसा वागतो हे कळले, की लेन्स का काढायची, किती थांबायचे आणि पंधरा मिनिटे कुठे अपुरी पडतात, या तिन्ही प्रश्नांचा उलगडा होतो.

थेंबांची बाटली एकदा उघडली की महिनाभर चालते. रोज तिचे तोंड उघडते, कधी ते पापणीच्या केसांना लागते, कधी बोटाला. आत जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावे लागते आणि त्यांत सर्वाधिक वापरले जाते ते बेंझाल्कोनियम क्लोराइड. बाटलीवर औषधाच्या नावाखाली, बारीक अक्षरांतल्या घटकांच्या यादीत त्याचे नाव आणि प्रमाण सापडते. बहुतेक थेंबांत ते ०.००४ ते ०.०२ टक्क्यांच्या दरम्यान असते. हे रसायन डिटर्जंटच्या जातीचे आहे. ते जंतूच्या पेशीचे आवरण फोडते, म्हणूनच उपयोगी पडते. पण पेशी जंतूची आहे की आपल्या डोळ्याची, हे त्याला ओळखता येत नाही. बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. त्याच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींनाही ते इजा करते आणि अश्रूंवरचा तेलकट पातळ थरही विस्कटते. तरीही ते चालवून घेतले जाते, कारण उघड्या डोळ्यात अश्रू त्याला लवकर धुऊन नेतात. काचबिंदूसाठी वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्यांत डोळ्यांचा कोरडेपणा आणि चुरचुर वाढलेली दिसते, त्यात या रसायनाचा मोठा वाटा असतो. म्हणजे लेन्स नसतानाही ते पूर्ण निरुपद्रवी नाहीच. लेन्स असताना मात्र हिशेबच बदलतो.

पूर्वीच्या कडक प्लॅस्टिकच्या लेन्स पाणी शोषत नसत. त्या ज्या द्रावणात ठेवत, त्यात बेंझाल्कोनियम सर्रास असे. ते लेन्सच्या पृष्ठभागावरच राही, फारसे आत शिरत नसे. १९६१ मध्ये प्रागच्या ओट्टो विख्टर्ले यांनी घरच्या घरी जुळवलेल्या यंत्रावर मऊ लेन्स घडवल्या आणि सत्तरच्या दशकात त्या बाजारात रुळल्या. या लेन्सचे मर्मच त्यांतल्या पाण्यात आहे. बऱ्याच जातींत त्यांच्या वजनातला ३८ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंतचा भाग पाण्याचा असतो आणि पाण्यात विरघळलेली लहान रेणूंची द्रव्येही त्याच वाटेने आत जातात. त्यातच बेंझाल्कोनियमच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि मऊ लेन्सच्या काही जातींत ऋण भार. त्यामुळे ते नुसते आत शिरत नाही, तिथे धरून ठेवले जाते आणि मग तासन्‌तास हळूहळू बाहेर येत राहते. बाहेर येते तेही नेमके लेन्स आणि पारपटल यांच्यामधल्या अश्रूंच्या थरात. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी असते आणि पापणी मिटल्यावर तिथले अश्रू फारच थोडे बदलतात. जे रसायन काही मिनिटांत वाहून जायचे, ते दिवसभर पारपटलाला चिकटून बसते. लेन्स महिनाभर वापरायची असेल, तर रोजचा साठा आदल्या दिवसाच्या उरलेल्यात मिळत जातो.

सूचनेचा पहिला भाग म्हणूनच मूळ आहे आणि दुसरा त्यातून निघालेला. लेन्स डोळ्यात ठेवून थेंब टाकले आणि नंतर तासभर थांबलात, तरी त्या थांबण्याला अर्थ उरत नाही. उलट लेन्स काढून ठेवली असेल, तर प्रश्न एवढाच राहतो, की डोळ्यातले रसायन ओसरायला किती वेळ लागतो. हा वेळ काढता येतो. आपल्या डोळ्यात एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि पापण्यांच्या आत फार तर ३० मायक्रोलिटर द्रव मावतो. बाटलीतून पडणारा एक थेंब मात्र ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. जास्तीचे पहिल्या काही क्षणांत गालावर ओघळते किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरते. एका वेळी दोन थेंब टाकून काही मिळत नाही, ते याचमुळे. मागे जे उरते, ते निरोगी डोळ्यात मिनिटाला साधारण १६ टक्क्यांनी कमी होत जाते. मागे उरलेले शंभर धरले, तर पाच मिनिटांनी त्यातले सुमारे ४२ राहतात, दहा मिनिटांनी १७ आणि पंधरा मिनिटांनी ७. पंधराचा आकडा लेन्सच्या नव्हे, अश्रूंच्या गतीशी जुळतो. काही ॲलर्जीच्या थेंबांवर दहा मिनिटे लिहिलेली असतात आणि तेवढीही चालतात. पण पाच मिनिटांत लेन्स घालणाऱ्याच्या लेन्सला पंधरा मिनिटे थांबणाऱ्याच्या जवळजवळ सहापट रसायन मिळते, हे या आकड्यांतून दिसते.

याच गणितातून त्याच्या मर्यादाही कळतात. डोळे कोरडे असतील तर अश्रूंची ये-जा मंदावते. ती निम्म्यावर आली आहे असे धरले, तर पंधरा मिनिटांनंतरही शंभरातले सुमारे २९ शिल्लक असतात. अशा माणसाने अर्धा तास थांबलेले बरे. शिवाय हा हिशेब पाण्यासारख्या पातळ थेंबांचा आहे. हलवून वापरायच्या दुधाळ थेंबांत औषधाचे न विरघळलेले कण असतात, ते लेन्सवर बसतात. मलम आणि घट्ट जेल तर डोळ्यात रेंगाळावे म्हणूनच बनवलेले असतात. त्यांच्या बाबतीत मिनिटे मोजण्यात अर्थ नाही. ते रात्री लेन्स काढल्यावर लावावेत आणि सकाळी दृष्टी स्वच्छ झाल्यावरच लेन्स घालावी. दोन वेगळे थेंब असतील, तर दुसऱ्याने पहिला धुतला जाऊ नये म्हणून मध्ये पाच मिनिटे सोडावीत आणि पंधरा मिनिटे शेवटच्या थेंबापासून मोजावीत.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली पंचविशीतली एक मुलगी, नोकरीला जाते, लेन्स रोज वापरते. ऋतू बदलला की डोळ्यांना खाज सुटते आणि डॉक्टरांनी ओलोपॅटाडीनचे ०.१ टक्क्याचे थेंब सकाळ-संध्याकाळ लिहून दिले आहेत. डोळे लाल नाहीत आणि लेन्स वापरायला डॉक्टरांची परवानगी आहे. तिने सकाळी सात वाजता खालची पापणी जरा ओढून एक थेंब टाकावा, डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. सव्वासातनंतर हात साबणाने धुऊन कोरडे करून लेन्स घालावी. संध्याकाळी घरी आल्यावर लेन्स काढून दुसरा थेंब टाकावा, त्यानंतर लेन्स घालायचीच नाही. दिवसभरात लेन्स एकदाही काढ-घाल करावी लागली नाही. मात्र तिला दिवसातून चार वेळा थेंब दिले असते, तर मी लेन्सऐवजी चष्मा सांगितला असता. ऑफिसच्या बेसिनपाशी लेन्स काढणे, डबी नाही म्हणून ती नळाच्या पाण्यात ठेवणे आणि वीस मिनिटांनी डोळ्यात घालणे हे थेंबांच्या रसायनापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. नळाच्या पाण्यातल्या अकांथामिबा या सूक्ष्म जीवाने पारपटलाचा संसर्ग झाला, तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टी जाऊ शकते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा, की आम्ही रोज नवी लेन्स वापरतो, रात्री ती फेकूनच देतो, मग साठा होईल कसा? महिन्याचा साठा होणार नाही, हे खरे. पण सकाळी लेन्सवर टाकलेल्या थेंबातले रसायन संध्याकाळपर्यंत पारपटलाला लागत राहणार, ते टळत नाही. शिवाय रोजची लेन्स एकदा काढली की ती संपली. ती परत घालायची नसते, नवी उघडायची असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लेन्स औषध धरून ठेवत असेल, तर औषध जास्त वेळ मिळेल, मग ते चांगलेच नव्हे का? हा विचार मुळात चूक नाही. केटोटिफेन हे ॲलर्जीचे औषध आधीच भरलेल्या रोजच्या लेन्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये मान्यता दिली. पण तिच्यात औषध किती घातले आहे हे मोजलेले असते, ते १९ मायक्रोग्रॅम. तीसुद्धा डोळे लाल नसलेल्यांसाठीच आहे. आपण बाटलीतून लेन्सवर थेंब सोडतो, तेव्हा लेन्सने औषध किती घेतले आणि प्रिझर्व्हेटिव्ह किती, हे कोणालाच ठाऊक नसते. पारपटलावर जखम असताना डॉक्टर कधी पट्टीसारखी लेन्स बसवतात आणि तिच्यावरूनच थेंब घालायला सांगतात, तेही थेंब निवडून आणि पुन्हा पुन्हा तपासणी करून. तो उपचार आहे, रोजचा परिपाठ नव्हे.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लेन्स ओली ठेवण्याचे थेंब लेन्सवर चालतात. त्यांत प्रिझर्व्हेटिव्ह नसते किंवा लेन्सला चालेल असे असते, उदाहरणार्थ लेन्सच्या जाळीत सहजी शिरणार नाही एवढ्या मोठ्या रेणूंचे. अट एकच, की लेन्स घातलेली असताना वापरता येते, असे त्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेले हवे. डोळे ओले ठेवणारे सगळेच थेंब त्यात येत नाहीत.

चुकून लेन्सवर थेंब पडलाच, तर एका वेळेने डोळा जात नाही. लेन्स काढावी, रोजची असेल तर टाकावी, महिन्याची असेल तर द्रावणाने चोळून धुऊन रात्रभर ताज्या द्रावणात ठेवावी. घातल्यावर जळजळ झाली, धुरकट दिसले किंवा पांढऱ्या भागात बुबुळाभोवती लाली आली, तर ती लेन्स संपली असे समजावे. रिफाम्पिसिन घेणाऱ्या क्षयरुग्णांची गोष्ट निराळी. ते औषध पोटातून अश्रूंत येते आणि मऊ लेन्स कायमची नारिंगी करते. तिथे थेंबही नाही आणि थांबण्याने उपायही नाही, त्यामुळे उपचार संपेपर्यंत चष्माच वापरावा.

लाल, दुखऱ्या, उजेड न सोसणाऱ्या किंवा चिकट स्राव येणाऱ्या डोळ्याला मात्र पंधरा मिनिटांचा नियम लागूच नाही. तिथे लेन्स डोळा बरा होईपर्यंत बंद. दुकानातून आणलेले लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवून लाली झाकतात, आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. अशा डोळ्यात थेंब टाकून घड्याळाकडे पाहत बसू नका. लेन्स काढा, फेकू नका, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाताना ती लेन्स, तिची डबी आणि थेंबांची बाटली बरोबर न्या. जंतू कोणता आहे, हे कधी कधी त्या डबीतल्या द्रावणावरूनच कळते.