पाचची पुणे

परवा रविवारी रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं. स्वस्तिक चौकातल्या पुणे स्टँडवर गाडी लागलीये, कंडक्टरने घंटी मारलीये आणि मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. पळायला लागतो, पण पाय चिखलात असल्यासारखे. कधी खांद्यावरची लॅपटॉपची बॅग गायब असते, कधी पायात चप्पलच नसते. एकदा तर चक्क गाडीत बसलो होतो, पण पाटी वाचली तर 'पाथर्डी'! जाग आली, मोबाईल पाहिला. ३ वाजून १२ मिनिटं. गजर ४ चा. आता काय घंटा झोप लागणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मी नगरचा, घर सावेडीत. (२०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण शिवाजीनगरची गाडी भरताना कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो.) नोकरी हिंजवडीत. शुक्रवारी रात्री घरी यायचं आणि सोमवारी पहाटे पाचच्या एसटीने परत. गंमत म्हणजे महाराष्ट्रातली पहिली एसटी याच पुणे-नगर रस्त्यावर धावली, १ जून १९४८ ला. त्या गाडीच्या मागे पळणारा पहिला माणूस कोण असेल, हा प्रश्न मला हल्ली पहाटे तीनला पडतो.

आता तुम्ही म्हणाल, एक गाडी चुकली तर दुसरी आहे की! नगर-पुणे म्हणजे काय दिवसातून एक गाडी असलेलं खेडं आहे का? बरोबर आहे. पण हिशोब असा आहे. पाचची गाडी सुपा, शिरूर करत साधारण सव्वासातला वाघोलीत असते. तेव्हा वाघोली अजून डोळे चोळत असते. सव्वाआठला वाकडेवाडी, तिथून हिंजवडीची बस, सव्वानऊला ऑफिस. साडेनऊला स्टँडअप मीटिंग. हातात पंधरा मिनिटं. आता साडेपाचची गाडी घ्या. ती शिक्रापूरपाशी पोचते तेव्हा कंपन्यांच्या बसेस रस्त्यावर आलेल्या असतात, आणि वाघोलीत शिरते तेव्हा शाळा, ऑफिस, डंपर सगळे एकदम. वाकडेवाडी सव्वानऊ, हिंजवडी साडेदहा. म्हणजे नगरला अर्धा तास हुकला की हिंजवडीत सव्वा तास हुकतो. स्वप्नाला हे गणित बरोबर कळलेलं आहे. ते कधीही साडेपाचची गाडी दाखवत नाही.

मला वाटायचं हे माझं एकट्याचं वेड आहे. पण शोधल्यावर कळलं की स्वप्नांवर काम करणारे लोक एक ठरावीक प्रश्नावली वापरतात. 'कोणीतरी पाठलाग करतंय', 'उंचावरून पडतोय' अशी नेहमीची स्वप्नं त्यात असतात आणि 'पोचायला उशीर झाला, उदा. गाडी चुकली' हेही त्यात स्वतंत्र कलम आहे. २००३ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांच्या अशा पाहणीत साधारण साठ टक्के मुलांनी हे स्वप्न आयुष्यात कधी ना कधी पडल्याचं सांगितलं. म्हणजे वाघोली न पाहिलेल्या लोकांनाही ते पडतं!

मग प्रश्न उरतो की मला ते रविवारी रात्रीच का पडतं? अभियंता माणूस, त्यामुळे लॉग ठेवायला लागलो. उशाशी छोटी वही, जाग आली की वेळ आणि दोन ओळी. तीन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ रविवारच्या रात्रीच्या. आणि वेळ बहुतेक तीन ते चारच्या मधली.

याचं एक कारण साधं आहे. स्वप्नं सगळ्यात ठळक पडतात ती रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात त्या झोपेत. साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते. रात्रीच्या सुरुवातीला तिचा तुकडा अगदी छोटा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. रेममध्ये हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडलेले असतात. स्वप्नात पळताना पाय उचलत नाहीत ते यामुळेच, असं काहींचं म्हणणं आहे. पटतं, पण अजून पक्कं सिद्ध नाही. सिद्ध आहे ते एवढंच की रेमच्या मधेच जाग आली तर स्वप्न लक्षात राहतं आणि झोप पुढे चालू राहिली तर बहुतेक वेळा पुसलं जातं. मंगळवारी मी सलग साडेसातपर्यंत झोपतो. तेव्हाही गाडी चुकत असेल कदाचित, पण मला सांगायला कोणी उठवत नाही. म्हणजे माझ्या नऊ नोंदींतल्या किती स्वप्नांच्या आणि किती नुसत्या जागांच्या, हे माझ्या वहीवरून कळणार नाही.

पण मग गजर चारचा असताना तीनला जाग का? इथे मला एक भारी प्रयोग सापडला. १९९९ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकला यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा जणांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि रात्रभर त्यांचं रक्त तपासलं. एका रात्री सांगितलं, सहाला उठवू, आणि सहाला उठवलं. एका रात्री सांगितलं नऊ, उठवलं नऊला. आणि एका रात्री सांगितलं नऊ, पण उठवलं सहालाच, न सांगता. त्यांनी पाहिलं एसीटीएच हे संप्रेरक. हे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून निघतं आणि शरीराला ताणासाठी, कामासाठी तयार व्हायचा निरोप देतं. ज्या रात्री सहाची वेळ सांगितलेली होती, त्या रात्री ते पाचच्या सुमारासच चढायला लागलं. माणूस गाढ झोपलेला, आणि शरीर आधीच बॅग भरायला लागलेलं! न सांगता उठवलं त्या रात्री मात्र आधी अशी चढण नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी वही काढून पुन्हा पाहिली. चारचा गजर, तीनच्या पुढे नोंदी. एका माणसाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, आणि त्या पंधरा जणांना स्वप्नात गाडी चुकली की नाही हेही कोणी विचारलेलं नव्हतं. पण एक गोष्ट मनात बसली. डेडलाईन म्हणजे नुसता कॅलेंडरवरचा चौकोन नाही. झोपेतही आपल्या आत कोणीतरी घड्याळाकडे बघत बसलेलं असतं.

मग उपाय सुरू केले. आधी तीन गजर लावले. काही फरक नाही. मग एसटीचं आरक्षण केलं, म्हणजे जागा पक्की. तर स्वप्नात गाडी उभी, पण माझा सीट नंबरच गाडीत नाही! तिसरा उपाय सगळ्यांनी सांगितलेला होता : रविवारी संध्याकाळीच निघ. पाचला निघालास की नऊला रूमवर, रात्रभर मस्त झोप.

बरोबर आहे. फक्त रविवारची संध्याकाळ जाते. गेल्या वर्षी आईला पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात अजून पूर्ण वळत नाही. रोजचा व्यायाम पप्पा करून घेतात, पण शनिवार-रविवार तो माझा असतो. रबराचा चेंडू दाबायचा, पाण्याचा पेला उचलायचा, वाटाणे एका वाटीतून दुसरीत टाकायचे. रविवारी आठनंतर ती जास्त मोकळी होते, बोलते. शब्द हळू येतात, पण येतात. तो दीड तास मी हिंजवडीतल्या चांगल्या झोपेवर विकायला तयार नाही.

त्या दिवशी तीन बाराला उठून पाणी प्यायला गेलो, तर पप्पा स्वयंपाकघरात जागेच. मला स्कूटरवर स्टँडला सोडायला तेच येतात. म्हटलं, "पप्पा, तुम्ही का उठलात एवढ्या लवकर?" म्हणाले, "गाडी गेली." मला कळेना. "अरे, कंपनीची बस. चौकातून वळून चालली होती आणि माझा डबा घरीच."

पप्पा एमआयडीसीत एकतीस वर्षं पाळीवर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. मी विचारलं, "खरंच कधी चुकली होती का हो बस?" त्यांनी बराच विचार केला. "नाही रे. एकदाही नाही."

फ्रॉइडने गाडी चुकण्याच्या स्वप्नाला परीक्षेच्या स्वप्नाशेजारी बसवलंय. त्याच्या एका सहकाऱ्याचं निरीक्षण असं की परीक्षेची भीतीदायक स्वप्नं पास झालेल्यांनाच पडतात. दोन्ही स्वप्नं त्याच्या मते दिलासा देणारी. प्रवासाला निघणं म्हणजे मरण, म्हणून गाडी चुकली तर घाबरू नकोस, तू इतक्यात निघत नाहीस! पप्पांना हे सांगितलं नाही. त्यांनी चहा टाकला होता.

माझी पाचची गाडी खरोखर एकदाच चुकली, दिवाळीनंतरच्या सोमवारी. साडेपाचच्या गाडीत उभा राहिलो आणि साडेनऊचा स्टँडअप फोनवरून दिला, वाकडेवाडीला उतरून पुढच्या बसची वाट बघत. मागे हॉर्न, कोणाचं तरी बाळ रडतंय. माझी तीन वाक्यं होती. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी लीडला म्हटलं, सोमवारचा स्टँडअप साडेअकराला घेऊया का? तो म्हणाला, "चालेल की, मलाही साताऱ्याहून यायचं असतं." दोन वर्षं मी हे विचारलं नव्हतं!

त्यानंतरचे सहा सोमवार झाले. वहीत दोनच नोंदी, त्यातली एक परवाची. सहा सोमवारांवरून काही म्हणता येत नाही, हे मलाही कळतं. गाडी अजून पाचचीच पकडतो, पण साडेपाचची मिळाली तरी चालते, हे आत बसलेल्या त्या घड्याळवाल्याला हळूहळू कळत असावं.

पप्पांना मात्र कोण सांगणार, की त्यांची बस कायमची बंद झाली?

असो. आठ वाजत आले, आई वाटाण्याची वाटी घेऊन बसलीये. उद्या सोमवार.