नवा राऊटर, जुनंच नाव

नव्या कंपनीच्या माणसाने फायबर ओढून राऊटर भिंतीवर बसवला आणि विचारलं, "मॅडम, वायफायला नाव काय ठेवू?" म्हटलं, "दादा, ते मी बघते. नेट चालू झालंय ना, तेवढं दाखवा." PON चा दिवा स्थिर हिरवा होता, LOS चा लाल दिवा बंद होता. त्याच्याकडून PPPoE चं युजरनेम आणि पासवर्ड मात्र वहीत लिहून घेतलं. पुढे कधी राऊटर रीसेट करावा लागला तर ही माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग वायफाय दिसतं पण नेट येत नाही.

लॅपटॉप केबलने राऊटरला जोडला, कारण वायफायवरून नाव बदललं की आपलंच कनेक्शन तुटतं. राऊटरखालच्या स्टिकरवर 192.168.1.1 हा पत्ता होता. ब्राउझरमध्ये तो टाकून, तिथलंच admin युजरनेम आणि पासवर्ड वापरून आत गेले.

आधी हा अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला. वायफायचा पासवर्ड आपण पाहुण्यांना सहज देतो, आणि घरच्या वायफायवर असलेल्या कुणालाही लॉगिनचं हे पान उघडता येतं. स्टिकरवरचाच पासवर्ड चालू असेल, तर तो वाचणाऱ्याला DNS बदलून आपल्याला खोट्या बँकेच्या पानावर नेता येईल. म्हणून हे दोन पासवर्ड कधीही एक नसावेत. बाहेरून राऊटर हाताळू देणारं Remote Management बंदच होतं, ते तसंच ठेवलं.

वायफायचं नाव आणि पासवर्ड मात्र मुद्दाम जुनेच ठेवले. आमचा पासवर्ड लांब आहे आणि घराबाहेर फारसा गेलेला नाही, नाहीतर मी तो बदललाच असता. स्पेलिंग, मोकळी जागा, लहान-मोठी अक्षरं, सगळं तंतोतंत जुळवलं आणि जुना राऊटर बंद केला. तो चालू राहिला असता तर काही फोन त्यालाच चिकटले असते. आईचा फोन आणि टीव्ही आपोआप जोडले गेले, कुणाला काही टाइप करावं लागलं नाही.

प्रिंटर तेवढा जोडला जाईना. त्याचा निळा दिवा लुकलुकत राहिला. पासवर्ड चुकला असता तर फोनही अडले असते, म्हणून सिक्युरिटीचं पान पाहिलं. तिथे WPA3 निवडलेलं होतं आणि आमच्या जुन्या प्रिंटरला ते कळत नाही. WPA2-PSK केलं, प्रिंटर बंद करून चालू केला, दिवा स्थिर झाला. WPA2/WPA3 असा मिश्र पर्याय राऊटरमध्ये असेल तर आधी तो करून पाहावा. आमच्या राऊटरमध्ये तो नव्हता.

जुना राऊटर कंपनीला परत द्यायचा होता. त्यात आमचं तेच नाव आणि तोच पासवर्ड असल्याने पिनेने रीसेटचं बटण दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. तो पुन्हा सुरू झाल्यावर फोनवर त्याचं मूळ कंपनीचं नाव दिसू लागलं, तेव्हाच खोक्यात भरला.