निरोप गोड नाही झाला, म्हणून मत बदलायचं?

चळवळीत माणूस सोडून जातो तेव्हा आपल्याकडे दोनच पद्धती दिसतात. एक तर त्याला फुटीर ठरवायचं, नाहीतर "काही मतभेद नव्हतेच, वैयक्तिक अडचण होती" असं सांगून हार घालायचा. दोन्हींत त्या माणसाचं म्हणणं गाडलं जातं.

आमचे एक सहकारी सहा वर्षे आमच्यासोबत होते. मातंग समाजातले. जात पडताळणीची प्रकरणं ते बघायचे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मिळवायचा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल, आणि तिथे नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं. बौद्ध वस्तीतल्या पोरांची प्रकरणंही त्यांनी त्याच चिकाटीने मार्गी लावली.

मग १ ऑगस्ट २०२४ आला. अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाच्या सात जणांच्या खंडपीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला. तो दिवस अण्णाभाऊंच्या जयंतीचा. त्यांच्या वस्तीत त्या दिवशी जयंतीचा आनंद दुप्पट झाला आणि आमच्या वस्तीत काळजी सुरू झाली. २१ ऑगस्टच्या बंदला आम्ही होतो, ते नव्हते. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी काम सोडलं.

निरोपाच्या कार्यक्रमात ते सरळ बोलले. १३ टक्के आरक्षणात ५९ जाती आहेत, पण कार्यालयात गेलं की एकाच समाजाचे साहेब दिसतात. आम्ही मागितलं की तुम्हाला एकी आठवते, असं म्हणाले. आम्ही उत्तर दिलं. आधी जातवार आकडे येऊ द्या, निकालातही त्याचीच अट आहे. अनुशेष भरत नाहीत, कंत्राटी भरती चालू आहे, त्यावर आधी बोला. आवाज चढले. पुस्तक आणि शाल टेबलावरच राहिली, नि ते जेवण न करता निघून गेले.

उत्तर दिल्याचा पश्चात्ताप आम्हाला नाही. ते मत आजही तेच आहे. पण सहा वर्षांच्या कामाचा शेवट असा व्हावा, याचं वाईट वाटतं. खेद आणि माफी यांत हाच फरक आहे. माफी कृतीची मागतात. खेद मात्र जे घडलं त्याचा, आपलं म्हणणं जागेवर ठेवूनही, वाटू शकतो.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात "काही गैरसमज झाला असल्यास" असं आलं होतं. ते खोडलं. गैरसमज कुठे झाला होता? त्यांना आमचं आणि आम्हाला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं होतं, भांडण म्हणूनच झालं. मग "मन दुखावलं असेल तर". हा 'तर' पुढाऱ्यांच्या दिलगिरीतला. मन दुखावलेलं डोळ्यांदेखत दिसलं होतं, तिथे शंका कसली? तिसरं वाक्य सगळ्यांत गोड होतं, "शेवटी आपण सगळे एकच." ते खोडायला वेळ लागला, कारण ते आम्हाला मनापासून वाटतं. पण त्यांची तक्रार नेमकी याच वाक्याबद्दल होती. मोठ्या संख्येच्या समाजाने ते म्हटलं की धाकट्याला गप्प बसवल्यासारखं होतं. मुक्ता साळवे यांनी १८५५ साली निबंध लिहिला तो मांग आणि महार दोघांच्या दुःखाविषयी. दोन्ही नावं त्यांनी वेगवेगळी उच्चारली आहेत, हे आपण विसरतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सिद्धार्थाचं घर सोडणं रोहिणीच्या पाण्याच्या वादाशी जोडलं. कोलियांशी युद्ध नको म्हणणारा तो संघात अल्पमतात गेला. मत बदललं नाही, परिव्रज्या घेतली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण आपल्या बैठकीत अल्पमतात गेलेल्याला द्रोही म्हणायला वेळ लावत नाही.

शेवटी पत्र एवढंच राहिलं:

"दादा, जय भीम, जय लहुजी. काल तुम्ही न जेवता गेलात याचं आम्हाला फार वाईट वाटलं. उपवर्गीकरणावर आपलं जमलं नाही, पुढेही जमेल असं दिसत नाही, आणि तुम्ही मांडलेला प्रश्न खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्या पोरांची प्रमाणपत्रं तुम्ही मिळवून दिलीत त्यांची यादी सोबत जोडली आहे. ही तुमची आहे. शाल आणि पुस्तक घेऊन रविवारी घरी येऊ का? तुम्ही 'नको' म्हणालात तर पोस्टाने पाठवू."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "या. पण वाद घालायचा असेल तर आकडे घेऊन या."