आधी पाणी, मग कात्री

आमच्या आयांच्या काळात नवं कापड घरी आलं की ते थेट शिंप्याकडे जात नसे. परकराचा मांजरपाट असो, लेंग्याचा लठ्ठा असो नाहीतर गणवेशाची खाकी, आधी ते रात्रभर बादलीत बुडायचं. सकाळी पाण्यावर खळीचा पांढुरका तवंग दिसायचा. मग ते न पिळता दोरीवर निथळायचं आणि दमट असतानाच त्याच्या घड्या पडायच्या. शिंपीही कात्री उचलण्याआधी विचारायचा, "वहिनी, आटवून आणलंय ना?" नाही म्हटलं तर कापड परत घरी.

दुसरा रिवाज रेशमाचा. लग्नातलं पातळ कधी धुण्याच्या दगडावर आपटलं गेलं नाही. गार पाणी, रिठ्याचा फेस, हलक्या हाताने दाबणं आणि सावलीत वाळवणं, एवढंच. शिवाय मुलींच्या झग्याला खाली दोन-तीन इंचांची दुमड असायची. मुलगी वाढली की उसवायची.

मग टेरिलीन आलं, टेरिकॉट आलं, मावश्या-काकवांच्या अंगावर नायलॉनच्या साड्या आल्या. हे धागे फारसं पाणी पीत नाहीत, त्यामुळे ते फारसे आटतही नाहीत. रात्री धुवा, सकाळी नेसा. आमची पिढी त्या कपड्यांत वाढली आणि आटवणं, रिठा, दुमड हे सगळं आमच्या हातून सुटलं. त्याची गरजच उरली नव्हती.

आता आम्ही साठीला टेकलो आणि बहिणी-मैत्रिणी एकजात रेयॉनच्या कुर्त्यांत आलो. अंगाला मऊ, चुणीला छान, घाम टिपणारे. आणि एकत्र जमलो की प्रत्येकीची तक्रार तीच: पहिल्याच धुण्यात कुर्ता आखूड झाला, बाजूची शिवण पोटावर आली. कुणी दुकानदाराला बोल लावते, कुणी मशीनला. आटण्याचं खरं कारण धाग्यातच आहे.

रेयॉन काही कालचं नाही. कल्याणच्या पुढे शहाडला त्याचं सूत १९५०च्या दशकापासून निघतंय. पण तेव्हाच्या चकचकीत रेयॉनच्या साड्या नकली रेशीम म्हणून घरात यायच्या आणि रेशमासारख्याच जपल्या जायच्या. आताच्या कुर्त्याचं रेयॉन आखूड तंतूंपासून कातलेलं असतं, दिसायला थेट सुती. म्हणून आपण ते सुतीसारखंच घासतो आणि पिळतो.

रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून करतात. रसायनाच्या दृष्टीने तो कापसाचा सख्खा भाऊ, दोघंही सेल्युलोज. पण लगदा विरघळवून पुन्हा धागा ओढताना त्याची आतली वीण कापसाइतकी घट्ट बसत नाही, आणि पाणी सहज आत शिरतं. भिजलेला तंतू जाडीला सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो, लांबीला मात्र शंभरात तीन ते पाचच. आता कापडाच्या विणीत बघा. उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून नागमोडी जातो. करंगळीभोवती गुंडाळलेला दोरा अंगठ्याभोवती गुंडाळायला गेलं तर अपुरा पडतो, तसंच इथे होतं. आडवे धागे जाड झाले की त्यांना वळसा घालायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते. ती तो कापडातून ओढून घेतो आणि कापड आखूड होतं. वाळल्यावर धागे बारीक होतात, पण कापड आपणहून मूळ लांबीवर परत जात नाही.

यात गिरणीतला ताण मिळतो. ओलं रेयॉन चटकन ताणलं जातं. रंगवताना आणि सुकवताना ते लांबीच्या दिशेने ओढलं जातं आणि तसंच वाळतं. आपल्या घरचं पहिलं पाणी हा ताण सोडवतं. म्हणून बहुतेक आटणं पहिल्या एक-दोन धुण्यांतच होतं, आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त.

शिवण पोटावर येण्याचं कारण वेगळं. सुकवताना आडवे धागे तिरके ओढले गेले आणि कापड तसंच कापलं गेलं, तर धुतल्यावर धागे आपल्या जागी परततात आणि शिवण फिरते. होजियरीच्या टी-शर्टात सुताचा मूळ पीळ ओलाव्याने उलगडू पाहतो, म्हणून तिथे शिवण आणखी फिरते. आटलेला कुर्ता थोडाफार सुधारता येतो, तिरका कापलेला नाही. तो दुकानातच ओळखावा. कुर्ता पालथा पसरून बघा, बाजूच्या शिवणी कडेला सरळ येतात का. ताग्यातलं कापड असेल तर काठाचा एक आडवा धागा ओढा. त्याची रेघ काटकोनात न जाता तिरकी गेली तर ते कापड घेऊ नका.

लेबल नसेल तर रेयॉन ओळखायची जुनी युक्ती आहे. एक सुटा धागा मध्यभागी ओला करून दोन्हीकडून ओढायचा. रेयॉन ओल्या जागीच पटकन तुटतं, कारण भिजल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. कापूस भिजून उलट मजबूत होतो. दगड-ब्रशची सवय सुती कपड्यांना का सोसली आणि याला का सोसत नाही, ते यातूनच कळतं.

म्हणून रेयॉनला आपल्या आयांचे दोन्ही रिवाज एकदम लागतात. शिवायचं कापड सुतीसारखं आधी आटवायचं. समजा अडीच मीटर कापड घेतलं. शंभरात आठ आटलं तर २० सेंटिमीटर गेले. तेवढं जास्तीचं घ्यायचं, गार पाण्यात अर्धा तास बुडवायचं, न पिळता वाळवायचं आणि दमट असतानाच इस्त्री करून शिंप्याकडे द्यायचं. अस्तर सुती असेल तर तेही आटवायचं, नाहीतर धुतल्यावर अस्तर आटतं आणि वरचं कापड ओढलं जातं.

तयार कुर्ता मात्र रेशमासारखा धुवायचा. पहिल्यांदा एकटाच, कारण रंग जाऊ शकतो. गार पाणी, सौम्य साबण, पाच-दहा मिनिटं, फार वेळ भिजत ठेवायचा नाही. घासायचं नाही, तळहातांत दाबायचं. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं. खांद्याला चिमटे लावून टांगला तर स्वतःच्या ओल्या वजनानेच तो वेडावाकडा ताणला जातो, म्हणून आडवा पसरायचा किंवा दोरीवर मधोमध टाकायचा. मशीन वापरायचंच तर जाळीची पिशवी, नाजूक कपड्यांची फेरी आणि कमीत कमी वेगाने सुकवणी.

४४ इंचांचा कुर्ता शंभरात पाच आटून पावणेबेचाळीसवर आला, तरी तो वाया गेला असं समजू नका. गार पाण्यात भिजवा, टॉवेलने टिपा, सपाट पसरून लांबीच्या दिशेने दोन्ही हातांनी हळूहळू ओढत आणा. दमट असतानाच उलट्या बाजूने मध्यम तापाची इस्त्री फिरवा. इंच-दीड इंच परत मिळतो. पुढच्या धुण्यात तो पुन्हा जातो, म्हणून दर वेळी दमट इस्त्री हवीच.

आणि शिंप्याला सांगून खाली दोन इंचांची दुमड ठेवायला लावा. दोन धुणी झाली, लांबी एका जागी थांबली, की मग ती हवी तेवढी सोडा. झग्याची दुमड मुलगी वाढते म्हणून होती, कुर्त्याची कापड आटतं म्हणून.