चार अंशांचा फरक

पाठीचा कणा बाजूला वाकलेल्या मुलांच्या एक्स-रेवर आम्ही जो कोन मोजतो, त्याची रीत न्यूयॉर्कचे अस्थिशल्यतज्ज्ञ जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडली. बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका शोधायचा आणि त्याच्या वरच्या कडेवरून रेघ ओढायची. मग खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका घेऊन त्याच्या खालच्या कडेवरून दुसरी रेघ ओढायची. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब अँगल. तो 10 अंश किंवा जास्त असेल आणि मणके स्वतःभोवती फिरलेले दिसत असतील, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. रीत इतकी सोपी असल्यामुळे आकडा पक्का वाटतो आणि रिपोर्ट हातात पडताच आईवडील नव्या आकड्यातून मागचा वजा करतात. माझं म्हणणं असं की एकट्या या वजाबाकीवर कुठलाच निर्णय उभा राहू नये.

समजा, 12 वर्षांची एक मुलगी आहे. पहिल्या एक्स-रेत तिचा कोन 24 अंश होता, सहा महिन्यांनी 28 आला. घरी घबराट उडते. पण पहिल्या रिपोर्टमध्ये वरचं टोक छातीचा सहावा मणका धरलं होतं आणि दुसऱ्यात पाचवा. दोन्ही फिल्म शेजारी ठेवून, दोन्हींवर तेच मणके धरून एकाच माणसानं पुन्हा मोजलं, तर 25 आणि 27 येतात. दोन अंशांचा हा फरक मोजमापाच्या चुकीतच मोडतो, कारण सरावलेल्या डोळ्यांनाही पाच-एक अंश इकडेतिकडे होतात. सकाळी काढलेल्या आणि संध्याकाळी काढलेल्या फिल्ममध्येसुद्धा फरक पडू शकतो. झोपवून काढलेली फिल्म तर उभ्यानं काढलेलीशी जुळवूच नये, कारण आडवं झाल्यावर बाक कमी दिसतो. म्हणून टोकाचे मणके रिपोर्टमध्ये नावानिशी लिहावेत, असा माझा आग्रह आहे. त्यांच्याशिवाय नुसता आकडा पुढच्या वेळी कामाचा राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग मोजायचंच कशाला? मोजायचं, कारण हा कोन वाढीच्या टप्प्याशी जोडला की बोलू लागतो. त्याच फिल्मवर कमरेच्या हाडाची वरची कड दिसते. तिच्यावर हाडाची नवी पट्टी उमटते आणि ती कुठवर आली त्यावरून रिसर ग्रेड 0 ते 5 ठरते. आपल्या मुलीची ग्रेड 0 आहे आणि पाळीही सुरू झालेली नाही, म्हणजे उंचीची मोठी झेप अजून बाकी आहे. लोन्स्टीन आणि कार्लसन यांच्या 1984 च्या अभ्यासात 20 ते 29 अंशांच्या बाकांपैकी, ग्रेड 0 किंवा 1 असलेल्या मुलांचे 68 टक्के वाढले. ग्रेड 2 ते 4 मध्ये हे प्रमाण 23 टक्के होतं. म्हणून 27 अंशांवर या मुलीला ब्रेस सुचवणं योग्य ठरतं, बाक वाढल्याचं सिद्ध झालेलं नसलं तरी. पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेल्या, ग्रेड 4 च्या पंधरा वर्षांच्या मुलीचा कोनही 27 च असेल, तर तिला ब्रेस देण्यात अर्थ नाही, पुन्हा तपासणी पुरे.

ब्रेसवरचा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, पण न घालणाऱ्यांपैकीही 48 टक्क्यांचा राहिला. म्हणजे कित्येक मुलं कपड्यांखाली तो कडक साचा विनाकारण बाळगतात. ही मुलं कोणती, हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून तर वाढ किती उरली ते इतकं काटेकोर पाहायचं. त्याच अभ्यासात दिवसाला सुमारे 13 तास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या वर गेलं. ब्रेस घालून काढलेल्या फिल्ममध्ये कोन बराच उतरलेला दिसतो आणि घरच्यांना बाक सरळ झाल्यासारखं वाटतं. तो आनंद तिथंच आवरायला सांगावा लागतो, कारण ब्रेस बाक रोखायला असतो आणि काढल्यावर कोन पुष्कळदा पहिल्याच्या जवळ येतो.

शस्त्रक्रियेसाठी 50 अंशांच्या आसपासची रेषा आली ती वाढ संपल्यावरच्या निरीक्षणांतून. 30 अंशांच्या आतले बाक मोठेपणी सहसा जागचे हलत नाहीत, पण छातीच्या भागातला 50 च्या पुढचा बाक वर्षाला साधारण एका अंशानं वाढत राहू शकतो. तरी 49 आणि 51 यांच्यात भिंत नाही, कारण दोन्ही आकडे एकाच फिल्मवर येऊ शकतात. कोन चाळीस ते पन्नास अंशांच्या दरम्यान असून वाढ बरीच उरली असेल, तर शल्यतज्ज्ञ लवकर बोलणी सुरू करतो. वाढ संपली असेल, खांदे समपातळीत असतील, धड एका बाजूला झुकलेलं नसेल आणि मुलीला स्वतःला पाठीची खंत नसेल, तर मणके कायमचे जोडून टाकण्याची घाई नको. वर्षभरानं उभ्यानं दुसरी फिल्म काढावी आणि तेच मणके धरून कोन मोजावा.