फ्रीजरमधलं चिकन थेट कढईत: माझा चुकलेला सल्ला

आज मी तुम्हाला माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल सांगणार आहे. चूक औषधाची नव्हती, एका साध्या घरगुती प्रश्नाच्या उत्तराची होती.

गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ आपल्या सत्तरीच्या आईला घेऊन आले. आजींना मधुमेह आहे. दोन दिवसांपासून ताप, पोटात मुरडा आणि दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू सापडला. आदल्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं हे मी विचारलं, तेव्हा मुलाने सांगितलं की रात्री कामावरून यायला उशीर झाला म्हणून फ्रीजरमधल्या गोठलेल्या तंगड्या तशाच रश्शात टाकल्या, नेहमीसारखं वीस-पंचवीस मिनिटं शिजवलं आणि वाढलं. आईच्या ताटातल्या तंगडीचा हाडाजवळचा भाग जरा गार लागला होता, एवढं त्यांना आठवत होतं. त्याच तंगडीमुळे आजी आजारी पडल्या असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण संशय घ्यायला जागा होती.

आजी सलाईन आणि औषधांवर चार दिवसांत बऱ्या झाल्या. घरी जाताना मुलाने विचारलं, "मॅडम, म्हणजे फ्रोझन चिकन थेट शिजवायचंच नाही का?" मी घाईत म्हणाले, "नाही, आधी बर्फ पूर्ण वितळू द्या."

महिन्याभराने ते आईची शुगर दाखवायला आले आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "तुम्ही सांगितल्यापासून मी सकाळी आठला चिकन ओट्यावर काढून ठेवतो. संध्याकाळी सातला येईपर्यंत मस्त मऊ झालेलं असतं." मी खुर्चीत सरळ बसले. अकरा तास, उन्हाळ्याच्या दिवसांत, ओट्यावर! मी त्यांना एका धोक्यातून काढून त्याहून मोठ्या धोक्यात ढकललं होतं.

असं का, ते आधी समजून घ्या. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. तंगडी ओट्यावर ठेवली की वरचा थर तासा-दोन तासांत जंतू वाढण्याइतका गरम होतो, आत मात्र अजून बर्फच असतो. आतला बर्फ वितळेपर्यंत वरच्या थरातले जंतू भराभर दुप्पट होत राहतात. म्हणून कच्चं मांस किंवा मासे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षाही जास्त नाही. वितळवायचंच असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवा. ते जमलं नाही, तर फ्रीजरमधून थेट कढईत टाकणं हे ओट्यावर वितळवण्यापेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. मात्र त्याला वेळ जास्त द्यावा लागतो, आणि शेवटी तपासावं लागतं. आजींच्या घरी त्या रात्री नेमकं हेच राहून गेलं होतं.

वेळ किती जास्त? साधारण दीडपट. कोंबडीच्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे तुमच्या शेगडीची सुरुवातीची बरीचशी मेहनत तंगडी शिजवण्यात नाही, तर आतला बर्फ वितळवण्यात जाते. त्या काळात बाहेरचा रस्सा मात्र खदखदत असतो, तर्री वर आलेली असते, आणि आपल्याला वाटतं झालं.

हे स्वतः पाहावं म्हणून एका रविवारी मी घरी चार मोठ्या तंगड्या घेतल्या, मिळून साधारण एक किलो. त्या गोठवताना एकमेकींना चिकटणार नाहीत अशा सुट्या ठेवल्या होत्या. वाटण परतून, पाणी घालून रश्शाला उकळी आणली आणि तंगड्या फ्रीजरमधून काढून थेट आत सोडल्या. धुतल्या नाहीत. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात आणि जंतू तिथे पोचतात. तंगड्या पडताच उकळी थांबली. ती परत यायला काही मिनिटं लागली. ती आल्यावर मी मध्यम आचेवर झाकण ठेवलं आणि घड्याळ लावलं.

ताज्या तंगड्यांना आमच्याकडे २५ मिनिटं लागतात. बरोबर २५ मिनिटांनी मी सर्वांत जाड तंगडीत थर्मामीटर खुपसला. रस्सा उकळत होता, वरचं मांस पांढरं झालं होतं, वासही छान सुटला होता. आकडा आला ५२. त्या रात्री आजींच्या ताटात काय पडलं असेल, ते मला तेव्हा दिसलं. पुन्हा झाकण ठेवलं. ३८ मिनिटांनी तोच आकडा ७९ झाला होता. तुमची शेगडी, भांडं आणि तंगडीचा आकार वेगळा असेल, त्यामुळे तुमची मिनिटंही वेगळी येतील. म्हणूनच दीडपट वेळ हा फक्त अंदाज समजा. खात्री आकड्यानेच करायची.

तो आकडा असा लक्षात ठेवा: कोंबडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस, माशासाठी ६३. यासाठी स्वयंपाकाचा सुईसारखा टोकदार डिजिटल थर्मामीटर मिळतो. तापाचा थर्मामीटर इथे अजिबात चालत नाही. सुई जाड भागाच्या मध्यापर्यंत घाला, पण हाडाला टेकवू नका, नाहीतर आकडा मांसाचा येत नाही. एकच तुकडा तपासून थांबू नका, सर्वांत मोठे दोन-तीन तपासा. आकडा कमी आला तर पुन्हा तपासण्याआधी सुई साबणाने धुवा, कारण ती आता कच्च्या मांसातून आलेली आहे. थर्मामीटर बरोबर दाखवतो की नाही हे पाहायचं असेल, तर ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि सुई त्यात धरा. शून्याच्या आसपास आकडा यायला हवा.

"आम्ही रंग बघतो की," असं पुष्कळजण म्हणतात. माझ्या त्या ७९ अंशांच्या तंगडीत हाडाजवळ गडद लालसर डाग होता. यजमान म्हणाले, "कच्ची आहे गं." ती कच्ची नव्हती. कोवळ्या कोंबडीचं हाड सच्छिद्र असतं. गोठताना आणि वितळताना हाडाच्या आतला लाल मगज बाहेरच्या मांसात झिरपतो, आणि शिजल्यावर तो काळपट-लाल दिसतो. उलट, पूर्ण पांढरं दिसणारं मांसही ७४ च्या खाली असू शकतं. म्हणजे रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. घरी थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहा. आत कुठेही गार, चिवट किंवा काचेसारखं अर्धपारदर्शक मांस दिसलं, तर सगळी कढई परत चढवा. पण ही दुय्यम तपासणी आहे, आणि घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई किंवा मधुमेही असतील तर तेवढ्यावर विसंबू नका.

माशाचं गणित थोडं वेगळं. सुरमईची दोन सेंटिमीटर जाडीची तुकडी पातळ असते, त्यामुळे गोठलेलीही लवकर शिजते. ताजी तुकडी आमटीत आठ-दहा मिनिटं घेत असेल, तर गोठलेलीला बारा ते पंधरा द्या. मांस अपारदर्शक झालं आणि काट्याने त्याचे पापुद्रे सहज सुटले की झालं. तळायची मात्र घाई करू नका. बर्फ लागलेली तुकडी गरम तेलात पडली की तेल अंगावर उडतं, आणि रवाही बाहेर करपतो तोवर आत कच्चंच राहतं.

सुरमई, बांगडा, टूना या माशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे मासे उबेत पडून राहिले की जंतूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते खाल्ल्यावर काही मिनिटांतच चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, कितीही उकळा. त्यामुळे बांगडा ओट्यावर वितळवण्यापेक्षा फ्रीजरमधून थेट आमटीत टाकणं बरं.

आता कुठे हा मार्ग चालत नाही ते सांगते. एक किलो चिकन एकाच पिशवीत कोंबून गोठवलेला गोळा असेल, तर तो थेट शिजवू नका. बाहेरचं शिजून तुटायला लागतं, मधे बर्फ राहतो. त्यासाठी आणल्यावरच पिशवीत एका थरात पसरून गोठवा. अख्खी कोंबडी, मंद आचेचा स्लो कुकर आणि कच्च्या मांसाची दम बिर्याणी यांतही गोठलेलं मांस नको. तिथे आच मंद असते, आणि मांस जंतूंना मानवणाऱ्या उबेत फार वेळ रेंगाळतं. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं, तर ते लगेच शिजवा, कारण काही कडा तेव्हाच कोमट झालेल्या असतात.

आणि कधी चुकलंच, तर? साल्मोनेलाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं किंवा पाणीही पोटात न टिकणं यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वयस्क माणसाची आणि मधुमेह्याची वाट पाहू नका.

त्या गृहस्थांना मी हे सगळं पुन्हा बसवून सांगितलं, आणि आधीचं उत्तर माझं चुकलं होतं हेही. पुढच्या वेळी आजी आल्या तेव्हा तक्रार करत होत्या, "हा हल्ली माझ्या ताटातल्या तंगडीला पण ताप बघतो." मी म्हटलं, "आजी, बघू दे. चौऱ्याहत्तरच्या खाली आला तर खाऊ नका."